दहा स्लाइड, आठ मिनिटं, वीस गुण

जानेवारी उजाडला की वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मॅडमचा एक लांबलचक संदेश येऊन पडतो. साधारण असा:

"विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, पर्यावरण अभ्यासाच्या अंतर्गत मूल्यमापनासाठी प्रत्येक गटाने सादरीकरण करायचे आहे. गट पाच जणांचा. विषय स्थानिक असावा आणि त्यात स्वतः पाहून किंवा मोजून घेतलेली माहिती हवी. विषय शनिवार, १० जानेवारीपर्यंत कळवा. एकच विषय दोन गटांना मिळणार नाही. शीर्षक आणि संदर्भ धरून जास्तीत जास्त १० स्लाइड. वेळ ८ मिनिटे, नंतर ३ मिनिटे प्रश्न. एकूण गुण २०. त्यांपैकी आशय ६, स्वतः जमवलेली माहिती ५, स्लाइडची मांडणी २; हे १३ गुण संपूर्ण गटाला. बोलणे व वेळेचे भान ४, प्रश्नांची उत्तरे ३; हे ७ गुण प्रत्येकाला स्वतंत्र. फाइल बुधवार, २८ जानेवारी, संध्याकाळी ५ पर्यंत क्लासरूमवर टाका, पीपीटी आणि पीडीएफ दोन्ही. उशीर झाल्यास दर दिवशी १ गुण वजा. सादरीकरणे २, ३ आणि ४ फेब्रुवारीला. वीज गेली तरी सादरीकरण होईल."

त्याखाली अंगठ्यांची रांग लागते आणि चौथ्या मिनिटाला कुणीतरी विचारतं, "मॅडम, सबमिशन कधी आहे?"

हा संदेश नमुन्यादाखल आहे. आकडे कॉलेजागणिक बदलतात, पण त्यांची जात हीच असते. मुलांना हे आकडे मॅडमच्या मनात आले तसे वाटतात आणि घरी आईवडिलांना तर हे सगळं प्रकरणच 'कॉम्प्युटरवर काहीतरी करायचंय' एवढंच कळतं. खरं तर यातला जवळजवळ प्रत्येक आकडा कशातून तरी निघालेला असतो, आणि तो कशातून निघाला हे कळलं की काम निम्मं सोपं होतं.

आठ मिनिटांचंच बघा. वर्गात ६० मुलं, म्हणजे पाचपाचचे १२ गट. प्रत्येकाची ८ मिनिटं बोलण्याची, ३ प्रश्नांची आणि एक मिनिट उठण्याबसण्याचं, पेनड्राइव्ह शोधण्याचं. झाली १२. आपल्याकडे बऱ्याच कॉलेजांत तास ४८ मिनिटांचा असतो, तेव्हा एका तासात बरोबर चार गट बसतात आणि तीन दिवसांत वर्ग संपतो. एखाद्या गटाने ८ ऐवजी १२ मिनिटं घेतली, तर त्या दिवशीच्या चौथ्या गटाची चार मिनिटं गेली. 'वेळेचे भान' याला गुण का आहेत, याचं उत्तर त्या चौथ्या गटाच्या चेहऱ्यावर असतं. दहा स्लाइडही यातूनच आल्या. शीर्षक आणि संदर्भ सोडले तर उरतात आठ, म्हणजे मिनिटाला एक. पाच जणांत आठ मिनिटं वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला दीड मिनिटाच्या आसपास येतं. मराठीत सावकाश, समजेल असं बोललं तर दीड मिनिटात दीडशे-पावणेदोनशे शब्द होतात. म्हणजे एका मुलाने वहीचं एक पान बोलायचंय. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, आणि पाल्हाळाला जागाही नाही.

आता 'विषय स्थानिक असावा' या अटीकडे येऊ, कारण गुण मिळतात किंवा जातात ते बहुतेक वेळा इथेच. पर्यावरण हा विषय कॉमर्सच्या आणि आर्ट्सच्या मुलांना का असतो, असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच. एम. सी. मेहता यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिलेल्या निकालात शाळा-महाविद्यालयांतून पर्यावरण सक्तीने शिकवावं असं सांगितलं. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवीसाठी सहा महिन्यांचा सामाईक अभ्यासक्रम आखला, त्याचं पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरक भरुचांनी लिहिलं, आणि त्या अभ्यासक्रमाचा शेवटचा घटक क्षेत्रभेटीचा ठेवला: जवळची नदी, डोंगर, कचऱ्याची जागा प्रत्यक्ष जाऊन बघा. अभ्यासक्रम नंतर बदलत गेले, पण 'जाऊन बघा' हे कलम टिकलं. मॅडमच्या संदेशातली स्थानिक विषयाची अट त्याचीच वारस आहे.

तरीही १० तारखेपर्यंत येणारे विषय असतात 'जागतिक तापमानवाढ', 'जलप्रदूषण', 'प्लास्टिक: एक समस्या'. हे विषय वाईट आहेत असं नाही, ते आठ मिनिटांत मावत नाहीत. त्यांत स्वतः मोजता येण्यासारखं काही नसतं, म्हणून मुलं नेटवरून उचलतात आणि पाच गुणांचा रकाना तिथेच कोरडा राहतो. विषय पुरेसा लहान झाला की नाही हे ओळखायची माझी खूण अशी: त्यात एक जागा आहे का, एक वेळ आहे का, आणि मोजता येईल अशी एक गोष्ट आहे का?

'प्लास्टिक: एक समस्या' या विषयाला ही खूण लावून बघू. जागा, गावातली भाजी मंडई. वेळ, रविवारी सकाळी आठ ते दहा. मोजायचं काय, तर भाजी कोणत्या पिशवीतून घरी जाते. विषय झाला: 'आमच्या मंडईत रविवारी सकाळी भाजी कोणत्या पिशवीत जाते?' असा विषय दिला की मॅडम लगेच होकार देतात, आणि दुसऱ्या कुठल्या गटाने तोच घेतला असण्याची भीतीही राहत नाही.

पहिली चूक इथे विक्रेत्याला विचारण्याची होते. "काका, तुम्ही प्लास्टिकच्या पिशव्या देता का?" हातात वही-पेन घेऊन आलेल्या मुलाला कुठलाही भाजीवाला नाहीच म्हणणार, कारण महाराष्ट्रात पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड आहे. दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० रुपये व तुरुंगवास. तेव्हा विचारू नका, उभं राहून बघा. पाच जणांनी पाच ठिकाणी थांबायचं, प्रत्येकाने वीस गिऱ्हाइकं पाहायची आणि प्रत्येकासमोर एक उभी रेघ ओढायची. पाचवी रेघ आडवी. झाली शंभर गिऱ्हाइकं. फोटो काढायचे ते पिशव्यांचे आणि हातांचे, चेहऱ्यांचे नाहीत.

रकाने ठरवताना मात्र विषय कळलेला लागतो. घरची पिशवी, पातळ प्लास्टिकची पिशवी, कागद, इथपर्यंत सोपं आहे. पण भडक रंगाच्या, कापडासारख्या दिसणाऱ्या त्या पिशव्यांचं काय? मुलं त्यांना 'कापडी' रकान्यात टाकतात. त्या नॉन-वोव्हन असतात, म्हणजे बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनच्या, प्लास्टिकच्याच. ओळखणं अवघड नाही. पिशवीची कड फाडून बघा. विणलेल्या कापडातून दोरे सुटतात, नॉन-वोव्हनमधून दोरा निघतच नाही आणि पृष्ठभागावर दाबलेल्या बारीक ठिपक्यांची नक्षी दिसते. हे न तपासता केलेली मोजणी उलटं उत्तर देऊ शकते.

दुसरा खड्डा नियमांचा. नेटवर शोधलं की '१२० मायक्रॉनपेक्षा जाड पिशवी चालते' असं पटकन सापडतं. तो केंद्राचा नियम आहे: ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉन आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०. महाराष्ट्राने मात्र २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर जाडी न बघताच बंदी घातली. नंतर काही सवलती आल्या, तरी मंडईतल्या पातळ पिशवीला १२० मायक्रॉनचा आधार देता येत नाही. ज्या गटाने स्लाइडवर नुसतं '१२० मायक्रॉन' लिहिलं, त्याने ते वाचून घेतलंय की चिकटवलंय हे परीक्षकाला त्या एका ओळीत कळतं.

समजा, मोजणीत आलं: घरची पिशवी ४१, पातळ प्लास्टिक ३८, नॉन-वोव्हन २१. यावरून काय म्हणता येईल? एवढंच, की त्या रविवारी, त्या मंडईत, पाहिलेल्या शंभर गिऱ्हाइकांपैकी ५९ जणांची भाजी प्लास्टिकमधून गेली. 'महाराष्ट्रात ५९ टक्के लोक प्लास्टिक वापरतात' असं म्हणता येत नाही. बुधवारी संध्याकाळी, ऑफिसातून परस्पर मंडईत येणाऱ्यांच्या गर्दीत, हा आकडा वेगळा येईलच असं धरून चाला. ही मर्यादा गटाने स्वतःच एका वाक्यात सांगितली तर आशयाचे गुण वाढतात. दुसऱ्याने प्रश्नात काढून दाखवली तर प्रश्नांचे कमी होतात.

आता स्लाइड. वर्गात दिसणारी नेहमीची स्लाइड म्हणजे चौदा ओळींचा परिच्छेद, मागे धबधब्याचा फोटो, आणि पडद्याकडे तोंड करून ती वाचणारा मुलगा. ऐकणारे तोवर ते वाचून संपवतात, कारण मनात वाचणं हे मोठ्याने वाचण्यापेक्षा वेगात होतं. मग पुढचं अर्धं मिनिट ते मोबाइलकडे बघतात. पूर्वी ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या काळात प्रत्येक ट्रान्सपरन्सीला पैसे पडायचे आणि ती हाताने लिहावी लागायची, त्यामुळे काटकसर आपोआप व्हायची. पॉवरपॉइंट १९८७ मध्ये आलं, नवी स्लाइड फुकट झाली आणि तेव्हापासून मर्यादा बाहेरून घालावी लागते.

पण दहाची मर्यादा घातली की मुलं एक पळवाट काढतात: वीस स्लाइडचा मजकूर दहांत कोंबतात. अक्षर बारीक होतं, मुद्द्याखाली उपमुद्दा, त्याखाली आणखी एक. याने काय होऊ शकतं याचं एक गंभीर उदाहरण आहे. कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात होत्या, ते १६ जानेवारी २००३ ला उडालं तेव्हा फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच बोइंगच्या अभियंत्यांनी या आघाताचा अभ्यास करून नासाला स्लाइड दाखवल्या. त्यांतल्या एका स्लाइडचा मथळा धीर देणारा होता. तळाशी, उपमुद्द्यांच्या उतरंडीत, बारीक अक्षरात माहिती होती की आदळलेला तुकडा १,९२० घनइंचांचा आहे आणि ज्या चाचण्यांच्या आधारावर हिशेब केला त्यांतला तुकडा ३ घनइंचांचा होता. सहाशेचाळीस पट. म्हणजे त्या हिशेबावर विसंबता येत नव्हतं, आणि हीच त्या पानावरची सर्वांत मोठी बातमी होती. १ फेब्रुवारीला परतताना यान फुटलं, सातही अंतराळवीर गेले. अपघाताची कारणं अनेक होती, एका स्लाइडवर खापर फोडता येणार नाही. पण माहितीची मांडणी कशी करावी याचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी त्या स्लाइडची चिरफाड केली, आणि चौकशी मंडळाने आपल्या अहवालात तिची दखल घेतली.

आपल्या मंडईच्या गटाला याचा उपयोग असा: '५९' हा आकडा कुठे आहे ते बघा. सहाव्या स्लाइडवर, चौथ्या मुद्द्याच्या पोटात असेल तर तो तिथून काढून मथळ्यात आणा. मथळा 'निरीक्षणे' असा लिहिण्याऐवजी 'शंभरपैकी ५९ जणांची भाजी प्लास्टिकमधून गेली' असा लिहा. खाली तीन आडव्या पट्ट्यांचा आलेख, बस्स. बाकीचं तोंडाने सांगायचं. शेवटच्या बाकावरून दिसतं का, हे तपासायला वर्गात जायचीही गरज नाही. लॅपटॉपवर स्लाइड पूर्ण पडदाभर करायची, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जायचं आणि वाचायचा प्रयत्न करायचा. वाचता आलं नाही तर अक्षर वाढवा, आणि मावत नसेल तर ओळी कापा.

गुणांच्या विभागणीकडे मुलं सगळ्यात कमी बघतात, आणि मला तीच सर्वांत बोलकी वाटते. स्लाइडच्या मांडणीला वीसपैकी फक्त दोन गुण आहेत. तरी गटाचा निम्मा वेळ रंग निवडण्यात आणि अक्षरं उडत येतील अशी सोय करण्यात जातो. उलट स्वतः जमवलेल्या माहितीला पाच आहेत, आणि त्याला लागते ती एक रविवारची सकाळ.

दुसरी गोष्ट म्हणजे १३ आणि ७ ही फाळणी. गटात काम करताना एकजण सगळं करतो आणि चौघांची नावं लागतात, हे दुखणं जुनं आहे. आपल्या मंडईच्या गटाला समजा आशयात ५, माहितीत ५, मांडणीत १ असे ११ मिळाले. ते पाचही जणांना सारखे. आता जिने मोजणी केली ती मुलगी समोर बघून बोलली, तिला बोलण्याचे ३. "नॉन-वोव्हन पिशवी प्लास्टिकमध्ये का धरली?" या प्रश्नाला तिने दोऱ्यांची गोष्ट सांगितली, तिला ३ पैकी ३. एकूण १७. त्याच गटातला दुसरा मुलगा आदल्या रात्री ग्रुपवर आलेला परिच्छेद वाचून मोकळा झाला, त्याला १, आणि प्रश्नाला "ते हिला माहितीय" म्हणाला, तिथे शून्य. एकूण १२. फाइल एकच, फरक पाच गुणांचा. काही शिक्षक यापुढेही जातात आणि कोण कोणता भाग बोलणार हे आयत्या वेळी चिठ्ठी टाकून ठरवतात. मुलांना ते क्रूर वाटतं. माझं मत विचाराल तर, पाचही जणांनी सगळं वाचून यावं यासाठी याहून स्वस्त उपाय नाही.

राहिली तारीख. पहिला गट २ फेब्रुवारीला बोलतो आणि शेवटचा ४ ला, तरी फाइल सगळ्यांनी २८ जानेवारीलाच का द्यायची? कारण तसं नसेल तर शेवटच्या दिवशीचे गट आधीच्या दोन दिवसांतले प्रश्न ऐकून आपल्या स्लाइड दुरुस्त करतात, आणि पहिल्या दिवशी नंबर लागलेल्यांवर अन्याय होतो. शिवाय मधल्या दिवसांत मॅडमना सगळ्या फाइली कॉलेजच्या संगणकावर एकदा उघडून बघता येतात. तिथेच मराठी पीपीटीचं खास दुखणं बाहेर पडतं. फाइल उघडते, पण 'प्लास्टिक'च्या जागी इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस असलं काहीतरी दिसतं.

याचं कारण असं. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी अक्षर इंग्रजीच असतं, त्याला मराठी रूप फक्त तो फॉन्ट देतो. टायपिंगवाल्याच्या दुकानात तो फॉन्ट होता, कॉलेजच्या संगणकात नाही, म्हणून रूप गळून पडलं. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे फॉन्ट बदलला तरी मजकूर मराठीच राहतो. आपली फाइल कुठल्या जातीची आहे हे कळायला दहा सेकंद पुरतात: स्लाइडवरची एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. मराठी दिसली तर युनिकोड. अगम्य काही दिसलं तर पुन्हा टाइप करा, मोबाइलवर बोलून केलं तरी चालेल. युनिकोड असूनही दुसऱ्या संगणकात नेमका तो फॉन्ट नसला की त्याच्या जागी दुसरा बसतो, ओळी लांबतात आणि शेवटचे शब्द चौकटीबाहेर पडतात. म्हणून सोबत पीडीएफ. तिच्यात अक्षरांची रूपं फाइलीतच बांधलेली असतात. व्हिडिओ मात्र पीडीएफमध्ये चालत नाही. तो लावायचाच असेल तर वेगळी फाइल द्या, आणि आठातलं एक मिनिट त्यात जाणार हे धरून चाला.

फाइलीच्या नावाबद्दल संदेशात काही नाही, ते असायला हवं होतं. बारा गटांकडून `Presentation1.pptx` आणि `final final.pptx` अशी नावं आली की कुणाची कुठली हे शोधण्यात संध्याकाळ जाते. वर्ग, गट आणि विषय एवढं पुरे:

```
SYBCom_B_Gat07_Mandai.pptx
SYBCom_B_Gat07_Mandai.pdf
```

संध्याकाळी पाचची वेळही अशीच विचाराने घातलेली असते. 'रात्री बारापर्यंत' म्हटलं की पावणेबाराला नेट जातं, लॅपटॉप अपडेट व्हायला बसतो, आणि मदतीला कुणी जागं नसतं. पाच वाजता सायबर कॅफे उघडा असतो, कॉलेजची लॅब सुटायची असते, मॅडम फोन उचलतात. २६ जानेवारीची सुट्टी नुकतीच झालेली असते, म्हणजे वेळ मिळाला नाही ही सबबही उरत नाही. तरी एक दिवस उशीर झालाच तर वीसातला एक गुण जातो. स्लाइड आणखी सजवून त्या रकान्यातून मिळून मिळून एक गुण वाढणार असेल, तर त्यासाठी उशीर करण्यात हिशेब बसत नाही.

आणि वीज. संदेशाच्या शेवटच्या ओळीला सगळे हसतात, पण फेब्रुवारीतल्या दुपारी प्रोजेक्टर बंद पडायला वीजच जावी लागते असं नाही, वायर सैल झाली तरी पुरतं. अशा वेळी मांडणीचे दोन गुण २८ तारखेला आलेल्या फाइलीवरून देता येतात. उरलेले अठरा गुण पडद्यावर कधी नव्हतेच. मंडईतल्या रेघांचा तो कागद हातात असला आणि ४१, ३८, २१ हे फळ्यावर खडूने लिहिलं, तर आठ मिनिटं भरतात.